नवती, पिलबाग आणि ७८ टक्के: एआय-संशयावरच्या अपिलाचं एक प्रकरण

जळगाव जिल्ह्यातलं एक अनुदानित महाविद्यालय. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला ४१ जणांनी फील्ड प्रोजेक्ट जमा केले. विषयशिक्षकांनी सगळ्या फाइली एका एआय-शोधक सॉफ्टवेअरमधून काढल्या. नऊ फाइलींवर ६० टक्क्यांच्या वर आकडा आला, तेव्हा त्या नऊ जणांना ४० पैकी शून्य गुण दिले आणि नावं सूचनाफलकावर लावली. आठ जणांनी दोन दिवसांत माफीनामे लिहून दिले आणि पास होण्यापुरते १६ गुण पदरात पाडून घेतले. नववी विद्यार्थिनी रावेर तालुक्यातली, विषय केळीचा भाव, आकडा ७८ टक्के. तिने माफीनामा दिला नाही, अर्ज दिला. तो अर्ज घ्यायचा कुणी, हे कार्यालयात कुणालाच ठाऊक नव्हतं.

हे महाविद्यालय आणि त्यातली माणसं नमुन्यादाखल उभी केली आहेत. नियम, संशोधन आणि त्यातले आकडे मात्र खरे आहेत.

अर्ज कोणत्या दाराशी न्यायचा?

प्राचार्यांना पहिल्यांदा आठवले ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्यविरोधी नियम. त्यात विभागस्तरीय आणि संस्थास्तरीय समित्या आहेत, साम्याच्या टक्केवारीनुसार स्तर आहेत: १० टक्क्यांपर्यंत माफ, मग १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर. ‘६० च्या वर’ हा आकडा शिक्षकांनी तिथूनच उचलला होता. इथे दोन चुका झाल्या. ती टक्केवारी साम्याची आहे, म्हणजे आधी छापलेल्या मजकुराशी किती शब्द जुळतात त्याची. समोर मूळ मजकूर ठेवून ती कुणालाही पडताळून पाहता येते. एआय-शोधकाच्या टक्केवारीमागे असा कुठलाच मूळ मजकूर नसतो, असतो तो फक्त अंदाज. दुसरी चूक म्हणजे या नियमांच्या व्याख्येतूनच असाइनमेंट, टर्म पेपर, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका वगळलेल्या आहेत. ते प्रबंध, शोधनिबंध, पुस्तकं यांच्यासाठी आहेत. बी.कॉम.चा प्रोजेक्ट त्यात बसतच नाही.

बसतो तो आयोगाच्याच २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण नियमांत. मूल्यमापनातली अपारदर्शक किंवा अन्याय्य पद्धत ही तिथे ‘तक्रार’ धरली आहे. महाविद्यालयाच्या तक्रार निवारण समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा आणि तो पटला नाही तर विद्यार्थ्याने १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे जायचं. वरचा जिना तयार आहे, पण खालच्या पायरीवर घोटाळा आहे. समितीतले प्राध्यापक त्याच कॉलेजचे, बहुतेकदा त्याच स्टाफरूममधले असतात. मजकूर कुणी लिहिला हे तपासण्याची त्यांची तयारी असेलच असं नाही. म्हणून महाविद्यालय विकास समितीच्या मंजुरीने एक वेगळी पायरी आखली: बाहेरच्या दोन परीक्षकांनी फाइल पाहायची, लेखी निष्कर्ष द्यायचा आणि तक्रार निवारण समितीने त्यावर आदेश काढायचा. लोकपालाचा रस्ता तसाच मोकळा ठेवला.

२०२४ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात असंच एक प्रकरण गेलं होतं. एका खाजगी विद्यापीठातल्या एलएल.एम.च्या विद्यार्थ्याला ८८ टक्के एआय म्हणून नापास केलं होतं. पुढे विद्यापीठानेच त्याला उत्तीर्ण केलं आणि याचिका निकाली निघाली. न्यायालयाला मूळ प्रश्नात शिरावंच लागलं नाही, त्यामुळे ‘किती टक्क्याला दोषी’ याचं उत्तर तिथे शोधू नये.

७८ टक्क्यांचा अर्थ

कार्यपद्धती लिहिणाऱ्यांनी पहिली बैठक केवळ या आकड्यावर घालवली, आणि ते बरंच झालं. समजा २०० प्रोजेक्ट आहेत आणि त्यातले २० खरोखर यंत्राकडून लिहून घेतलेले आहेत. शोधक त्यातले ८० टक्के पकडतो, म्हणजे १६. उरलेल्या १८० प्रामाणिक प्रोजेक्टांपैकी फक्त ५ टक्क्यांवर तो चुकून बोट ठेवतो, म्हणजे ९. एकूण २५ जणांवर ठपका, त्यातले ९ निर्दोष. पाच टक्के चूक ऐकायला किरकोळ वाटते, पण ठपका आलेल्यांमध्ये ती एक तृतीयांशाहून जास्त भरते. तीच चूक २० टक्के धरली तर ३६ निर्दोष आणि १६ दोषी, म्हणजे गणितच उलटतं. हे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. आपल्या वर्गात प्रत्यक्षात काय आहे ते कुणालाच माहीत नसतं, आणि अडचण नेमकी तीच आहे.

२० टक्के धरणं अतिशयोक्ती नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये सात शोधकांवर टोफेल परीक्षेचे ९१ निबंध चालवले, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले आणि ८९ निबंधांवर निदान एका शोधकाने तरी ठपका ठेवला. अमेरिकन शाळकरी मुलांच्या निबंधांवर तेच शोधक जवळपास बिनचूक चालले. कारण सरळ आहे. पुढचा शब्द किती अनपेक्षित आहे, हे असे शोधक मोजतात. परक्या भाषेत लिहिणारा माणूस ओळखीचे शब्द, पाठ झालेल्या वाक्यरचना आणि क्रमिक पुस्तकातली वळणं वापरतो, त्यामुळे त्याचं लिखाण ‘अपेक्षित’ ठरतं. घरी लेवा गणबोली, अहिराणी किंवा पावरी, शाळा मराठी माध्यमाची आणि कॉलेजात पहिल्यांदा इंग्रजी अहवाल लिहायचा, अशा मुलांनी भरलेल्या वर्गाला हे जसंच्या तसं लागू आहे. ओपनएआयने स्वतःचा शोधक जुलै २०२३ मध्ये कमी अचूकतेमुळे बंद केला. त्यांच्याच चाचणीत तो यंत्राचा २६ टक्के मजकूर ओळखत होता आणि माणसाच्या ९ टक्के मजकुरावर खोटा ठपका ठेवत होता.

या बैठकीतून नियम निघाला तो असा: शोधकाच्या आकड्यावरून चौकशी सुरू करता येईल, पण निष्कर्षाच्या कागदावर तो आकडा पुरावा म्हणून येणार नाही. निष्कर्षाला निदान दोन वेगळ्या जातीचे पुरावे हवेत. एकाच फाइलवर दोन शोधक चालवणं म्हणजे दोन पुरावे नव्हेत. फुकटच्या संकेतस्थळांवर फाइल चढवायला तर मनाईच केली, कारण प्रोजेक्टच्या परिशिष्टात ३२ शेतकऱ्यांची नावं आणि मोबाइल नंबर होते.

सद्भावना कागदावर कशी उतरवायची

‘विद्यार्थ्यावर विश्वास ठेवावा’ असं वाक्य कुठल्याही नियमावलीच्या पहिल्या पानावर लिहिता येतं. दुसऱ्या पानावर ते टिकत नाही. म्हणून इथे सद्भावनेचं गृहीतक चार ठिकाणी बांधून टाकलं.

पहिलं गुणांचं. निर्णय होईपर्यंत प्रोजेक्टला त्याच्या गुणवत्तेवर गुण द्यायचे, आणि ते दुसऱ्या शिक्षकाने तपासून द्यायचे. यामागे व्यवहार आहे. अंतर्गत गुण विद्यापीठाच्या पोर्टलवर भरायची मुदत ठरलेली असते. ती उलटल्यावर दुरुस्ती करायची तर प्राचार्यांचं पत्र, कारण, मंजुरी असा फेरा सुरू होतो. शून्य भरून ठेवलं आणि अपील जिंकलं, तरी गुणपत्रिकेवर शून्यच छापून येतं. उलट गुण भरून ठेवले आणि गैरवापर सिद्ध झाला, तर गुण कमी करायला तोच फेरा कॉलेजला घ्यावा लागतो. त्रास कुणी घ्यायचा हा प्रश्न असेल तर तो आरोप करणाऱ्या बाजूने घ्यावा.

दुसरं नोटिशीचं. नोटिशीत नेमकं काय म्हणणं आहे ते लिहायचं: कोणतं प्रकरण, कोणती पानं, कोणत्या सूचनेचा भंग. ‘एआयचा वापर आढळला’ हे पुरेसं नाही. त्या वर्षीच्या सूचनापत्रात एवढंच होतं, ‘प्रकल्प स्वतः लिहावा’. भाषा सुधारून घेणं, भाषांतर करून घेणं, टाइप करून घेणं यांवर त्यात अक्षर नव्हतं. जे आधी मना केलं नव्हतं ते नंतर गुन्हा ठरवता येत नाही, हे नियमावलीत वेगळ्या ओळीत लिहिलं.

तिसरं माफीनाम्याचं. आपल्याकडे प्रकरण ‘मिटवायचं’ म्हणजे मुलाकडून दोन ओळी लिहून घ्यायच्या, पालकाची सही घ्यायची आणि फाइल बंद करायची. शिक्षकांचा हेतू बहुधा चांगलाच असतो, पोराचं वर्ष वाया जाऊ नये एवढाच. पण सुनावणीआधी, गुणांच्या बदल्यात घेतलेला माफीनामा कबुली नसतो, तो सौदा असतो. असा कागद अपिलात दाखल करून घ्यायचा नाही असं ठरलं.

चौथं गुप्ततेचं: नाव फलकावर लावायचं नाही, स्टाफरूममध्ये चर्चा नाही, परीक्षकांकडे जाणाऱ्या फाइलवर फक्त क्रमांक. यावर फार वाद झाला नाही.

वाद झाला तो पाचव्या मुद्द्यावर, जो मसुद्यात आधी नव्हताच. विषयशिक्षकांनी विचारलं, “आमच्या सद्भावनेचं काय?” प्रश्न रास्त होता. संशय घेतला म्हणून शिक्षकावर चौकशी बसणार असेल तर पुढच्या वर्षी कुणी काही बोलणारच नाही. म्हणून जोडलं: अपील हे निर्णयाविरुद्ध असेल, शिक्षकाविरुद्ध नाही. परीक्षकांनी शिक्षकाच्या वर्तनावर शेरा मारायचा नाही आणि निकाल शिक्षकाच्या सेवापुस्तिकेत किंवा मूल्यमापनात जाणार नाही.

परीक्षक बाहेरचे, पण किती बाहेरचे?

खान्देशात ‘स्वतंत्र’ माणूस शोधणं हे वाटतं तितकं सोपं नाही. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे एकाच विद्यापीठाखाली येतात. वाणिज्याचे प्राध्यापक एकमेकांच्या कॉलेजात बहिःस्थ परीक्षक म्हणून जातात, एकाच अभ्यासमंडळावर बसतात. त्यात सोयरीक, एकच शिक्षणसंस्था, एकच गाव. दुसऱ्या कॉलेजचा म्हणजे स्वतंत्र, असं धरलं तर फसगत होते.

नावांची यादी आठ जणांची केली. अट अशी की परीक्षक दुसऱ्या जिल्ह्याचा आणि दुसऱ्या संस्थेचा हवा, आणि गेल्या तीन वर्षांत या विभागात परीक्षक म्हणून आलेला नसावा. दोघांपैकी एक विषयाचा, दुसरा भाषेचा, आणि निदान एकाला विद्यार्थ्याची बोली समजली पाहिजे. निवड विभागप्रमुखाने करायची नाही. कार्यालय अधीक्षकाने चिठ्ठ्या टाकून विद्यार्थ्यासमोर काढायची. प्रत्येकाने नात्याचं आणि व्यवहाराचं घोषणापत्र द्यायचं, त्यात ‘सोयरीक किंवा भाऊबंदकी’ हा रकाना स्पष्ट ठेवला, कारण ‘हितसंबंध नाही’ या शब्दांवर लोक न वाचता सही करतात. विद्यार्थ्याला एक नाव कारण न देता नाकारता येतं. मानधन निकाल काहीही लागला तरी तेवढंच, ते आणि एसटीचं भाडं कॉलेजने द्यायचं. अपिलाला शुल्क नाही.

कामाच्या क्रमावर खूप विचार झाला, कारण खरी स्वतंत्रता तिथेच टिकते किंवा जाते. परीक्षकाला आधी फक्त प्रोजेक्ट, सूचनापत्र आणि विद्यार्थ्याने दिलेले कागद मिळतात. तो एक पानी प्राथमिक मत लिहून लिफाफ्यात बंद करतो. मग नोटीस आणि विभागाचा निर्णय त्याच्या हाती येतो. आकडा आधी कानावर पडला की माणूस वाचत नाही, शोधत बसतो. ७८ टक्के माहीत असलेल्याला प्रत्येक सफाईदार वाक्य संशयास्पद दिसतं. दोघांनी एकमेकांशी बोलायचं तेही प्राथमिक मतं बंद झाल्यावरच. दोघांचं जमलं नाही तर तिसरा. तिसऱ्यालाही ठरवता आलं नाही तर संशयाचा फायदा विद्यार्थ्याला.

पुराव्याचं माप फौजदारी खटल्याचं नाही, खातेनिहाय चौकशीत असतं तसं शक्यतेच्या झुकत्या मापाचं: सगळे कागद पाहून कोणती गोष्ट घडलेली असण्याची शक्यता जास्त दिसते?

फाइल उघडल्यावर

एक परीक्षक धुळ्याहून आले, वाणिज्याचे. दुसऱ्या नंदुरबारच्या, इंग्रजीच्या प्राध्यापिका. विद्यार्थिनीने एक पिशवी आणली होती. त्यात २०० पानी वही, भरलेल्या ३२ प्रश्नावल्या आणि टायपिंग सेंटरची पावती.

पावतीपाशी थांबायला हवं. अशा चौकशीत सगळ्यात आधी ‘व्हर्जन हिस्ट्री’ मागतात: गुगल डॉक्समध्ये फाइल कशी वाढत गेली, कुठे खोडलं, किती वाजता टाइप केलं. हा चांगला पुरावा आहे, पण ज्याच्याकडे लॅपटॉप आहे त्याच्यासाठी. या मुलीने वहीत लिहिलं आणि बसस्टँडजवळच्या सेंटरवर पानामागे पैसे देऊन टाइप करून घेतलं. सेंटरच्या फाइलमध्ये सगळा मजकूर एका दुपारी आला होता. इतिहास पाहिला तर तो पेस्ट केल्यासारखाच दिसतो. म्हणून नियमात लिहिलं होतं की इतिहास असणं विद्यार्थ्याच्या बाजूने मोजायचं, नसणं विरुद्ध मोजायचं नाही.

इंग्रजीच्या प्राध्यापिकांनी वही आणि छापील प्रत शेजारी ठेवून चौथं प्रकरण ओळ-ओळ पाहिलं. वहीतली इंग्रजी मोडकी होती, छापील प्रतीतली गुळगुळीत. पण परिच्छेदांचा क्रम तोच, १४ च्या १४. आणि एक चूकही तीच. वयोगटाच्या तक्त्यात बेरीज ३१ येत होती, शेतकरी मात्र ३२. त्यांनी प्रश्नावल्या चाळल्या. सतराव्या प्रश्नावलीत वयाचा रकाना रिकामा होता. यंत्राने रचलेल्या तक्त्याची बेरीज चुकू शकते, पण ती अमुक एका कागदावरच्या रिकाम्या रकान्याशी जुळून चुकत नाही. त्या एका आकड्याने माहिती कुणी गोळा केली आणि तक्ता कुणी केला, दोन्हींचं उत्तर दिलं.

मग संभाषण. मुद्दाम ‘तोंडी परीक्षा’ म्हटलं नाही. २५ मिनिटं, मराठीत, प्रश्न आधी लिहून ठेवलेले. नियम असा की पाठांतर तपासायचं नाही, निवडी विचारायच्या: हेच का घेतलं, ते का सोडलं. मजकुरातला शब्द विचारून ‘अर्थ सांग’ म्हणायचं नाही. हा नियम कसा कामी आला ते पाहण्यासारखं आहे. छापील अहवालात ‘रॅटून क्रॉप’ हा शब्द सहा वेळा आला होता. धुळ्याच्या सरांनी सवयीने विचारलंच, “हे रॅटून म्हणजे काय?”

तिला सांगता येईना. खोलीत शांतता पसरली. पुष्कळ ठिकाणी निकाल इथेच लागला असता.

प्राध्यापिकांनी वही उघडून त्या जागी काय आहे ते पाहिलं. रोमन अक्षरांत ‘पिलबाग’ लिहिलेलं होतं. त्यांनी प्रश्न बदलला, “तू नवती आणि पिलबागेचे भाव वेगळ्या तक्त्यांत का घेतलेस?” मग ती थांबेचना. नवती म्हणजे पहिल्या लागणीची केळी, तिला भाव जास्त. घड कापल्यावर त्याच खोडाशेजारच्या पिलावर घेतलेलं पीक म्हणजे पिलबाग, तिथे माल एकसारखा येत नाही म्हणून व्यापारी भाव तोडतो. दोन्हींची सरासरी काढली तर शेतकऱ्याला प्रत्यक्षात न मिळालेलाच भाव येतो. मृगबाग आणि कांदेबाग हा लागणीच्या हंगामाचा फरकही तिला घ्यायचा होता, पण ३२ शेतकऱ्यांत कांदेबागवाले पाचच निघाले, म्हणून सोडला. बऱ्हाणपूरचा भाव तुलनेला का घेतला, तर रावेरचा व्यापारी बांधावर उभा राहून तोच भाव मोबाइलवर दाखवतो म्हणून. “सर, जाहीर भाव आणि काट्यावरचा भाव यांत फरक पडतो, तोच माझा प्रोजेक्ट आहे,” ती म्हणाली.

शब्द तिचा नव्हता, गोष्ट तिची होती. शब्द कुठून आला याचं उत्तर तिने स्वतःहून दिलं. सेंटरवाल्या दादाने टाइप करताना “इंग्लिश नीट करून देतो” म्हटलं होतं आणि तिने हो म्हटलं. नीट करणं म्हणजे त्याने प्रकरणं एका चॅटबॉटमधून काढली होती. ७८ टक्क्यांचा उगम बहुधा तिथेच.

आणि दुसरं प्रकरण

इथवर गोष्ट सरळ वाटते. तशी ती नव्हती. दोघांनी अकरा संदर्भ तपासले. पद्धत साधी: शीर्षक अवतरणचिन्हांत घालून शोधायचं, मग नियतकालिकाच्या त्या अंकाची अनुक्रमणिका उघडायची आणि पृष्ठक्रमांक जुळतात का ते पाहायचं. वीस मिनिटांचं काम. नऊ सापडले. उरलेल्या दोन ठिकाणी नियतकालिकं खरी होती, वर्ष आणि खंड खरे होते, पण त्या पानांवर दुसरेच लेख होते. अशा नावाचे लेख कुठेच नव्हते. चॅटबॉट असे संदर्भ रचतात हे आता जगजाहीर आहे. कुठल्याही शोधकाच्या आकड्यापेक्षा हा कितीतरी भक्कम पुरावा आहे, कारण तो कुणालाही पुन्हा पडताळता येतो.

विचारल्यावर कळलं की दुसरं प्रकरण, पूर्वसंशोधनाचा आढावा, वहीत दीड पान होतं आणि छापील प्रतीत साडेचार. दादाने “थोडं वाढवून दिलं” होतं. तिने ते वाचलं होतं, संदर्भ उघडून पाहिले नव्हते.

आता करायचं काय? धुळ्याच्या सरांचं म्हणणं, हा गैरवापर सरळ दिसतोय, गुण कापा. प्राध्यापिकांनी नोटीस पुढे ठेवली. तिच्यात लिहिलं होतं, ‘संपूर्ण प्रकल्प एआयद्वारे लिहिलेला आहे.’ संदर्भांचा उल्लेख नव्हता. ज्या आरोपाचं उत्तर द्यायची संधी मिळालेली नाही त्यावर शिक्षा करता येत नाही, मग तो कितीही खरा असो. अपिलातल्या परीक्षकांनी नवा आरोप शोधून तिथेच निकाल दिला, तर अपील करणं हेच धोक्याचं होईल आणि पुढचा विद्यार्थी मुकाट्याने माफीनामा लिहील. अर्ध्या तासाच्या चर्चेनंतर सरांना हे पटलं, पण त्यांनी एक अट घातली: दडपायचंही नाही. अट बरोबर होती.

निष्कर्षात चार वाक्यं आली. ‘संपूर्ण प्रकल्प एआयद्वारे लिहिलेला असल्याचा आरोप सिद्ध होत नाही. माहिती, तक्ते आणि विश्लेषण विद्यार्थिनीचे असण्याची शक्यता स्पष्टपणे अधिक आहे, आधार: वही, प्रश्नावल्या (विशेषतः क्र. १७), संभाषण. प्रकरण दोनमधील दोन संदर्भ अस्तित्वात आढळत नाहीत. ही बाब नोटिशीत नसल्याने त्यावर निर्णय दिलेला नाही, विभागास स्वतंत्रपणे कळवली आहे.’ शोधकाचा आकडा कुठेच नाही.

विभागाने नवी नोटीस काढली नाही. आढाव्याचं प्रकरण कॉलेजच्या ग्रंथालयात बसून, हाताने, सात दिवसांत पुन्हा लिहायला सांगितलं आणि त्या भागाचे पाच गुण त्यावर दिले. एकूण ४० पैकी २७. शिक्षा न करता मूल्यमापनातच प्रश्न सोडवण्याची ही वाट पदवीच्या पातळीवर मला जास्त योग्य वाटते. पीएच.डी.च्या प्रबंधात खोटे संदर्भ निघाले असते तर हेच म्हणता आलं नसतं.

आठ माफीनाम्यांचं काय झालं

अपील एकीने केलं, पण तिच्या अपिलाने जो आधार पडला तो नऊही जणांच्या शिक्षेचा होता. फक्त आकडा. तक्रार निवारण समितीने आठही निर्णय मागे घेतले आणि विभागाला सांगितलं की ठोस कारण असेल तर रीतसर नोटीस द्या. चौघांना नोटीस गेली. त्यांच्यापैकी तिघांच्या फाइलींत एकाही प्रश्नावलीचा पत्ता नव्हता, आणि ज्या दुकानांचं सर्वेक्षण केलं म्हणून लिहिलं होतं त्यांची नावं त्यांना सांगता आली नाहीत. त्यातल्याच एकाच्या प्रस्तावनेत चॅटबॉटने सुरुवातीला लिहिलेलं ‘हा तुमचा सुधारित मसुदा’ या अर्थाचं वाक्य तसंच छापलेलं होतं. या तिघांवर गैरवापर सिद्ध झाला, अपिलातही टिकला. सद्भावनेचं गृहीतक म्हणजे सगळे सुटतात असं नव्हे. चौथ्याचा आरोप टिकला नाही.

वेळापत्रक मात्र पहिल्या फेरीत कोलमडलं. नोटिशीला तीन दिवस, उत्तराला सात, विभागाच्या निर्णयाला तीन, अपिलाला १५, परीक्षक निवडीला तीन, त्यांच्या कामाला सात, आदेशाला तीन. बेरीज ४१ दिवस, आणि तीही सुट्ट्या सोडून. गुण भरायची मुदत बारा दिवसांवर होती. गुण गुणवत्तेवर भरून ठेवायचा नियम नसता तर सगळं मुसळ केरात गेलं असतं. पुढच्या वर्षी प्रोजेक्ट जमा करायची तारीखच गुण भरायच्या मुदतीआधी ६० दिवसांवर नेली. परीक्षा तोंडावर असताना विद्यार्थी कुरकुरले, शिक्षकही.

सूचनापत्रही बदललं. आता त्यात लिहिलं आहे की भाषादुरुस्ती चालेल पण नोंद हवी, मजकूर वाढवून घेणं चालणार नाही, प्रत्येक संदर्भाची पहिल्या पानाची छायाप्रत जोडायची आणि हाताचा कच्चा मसुदा निकाल लागेपर्यंत जपून ठेवायचा. शेवटच्या पानावर एक नवा रकाना आहे: ‘टंकलेखन कोणी केले? भाषेत बदल केले का?’ खाली विद्यार्थ्याची सही आणि तिच्याशेजारी टायपिंग सेंटरचा शिक्का. पहिल्याच वर्षी दोन सेंटरवाल्यांनी शिक्का द्यायला नकार दिला, तेव्हा कॉलेजने संगणक प्रयोगशाळा संध्याकाळी दोन तास उघडी ठेवायला सुरुवात केली.